वर्षं जितकी, पट तितकी : एका समीकरणाच्या उकली मोजताना

दरसाल दहा टक्के चक्रवाढ व्याजाने एक रुपया ठेवला, तर वर्षाअखेर त्याचे एक रुपया दहा पैसे होतात. दुसऱ्या वर्षाअखेर १.२१ रुपये, दहाव्या वर्षी २.५९, विसाव्या वर्षी ६.७३. हा हिशेब सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आता त्याच हिशेबाला एक वेगळा प्रश्न विचारू. रुपया जितके पट झाला, बरोबर तितकीच वर्षं लोटली आहेत, असं कधी घडेल?

एका वर्षानंतर पट आहे १.१, म्हणजे वर्षांच्या संख्येपेक्षा जास्त. दोन वर्षांनंतर पट १.२१, म्हणजे वर्षांपेक्षा कमी. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान कुठेतरी दोन्ही आकडे सारखे झाले असले पाहिजेत. त्यानंतर पट बराच काळ मागे राहते. तीस वर्षं झाली तरी ती १७.४५ वरच असते. पण ३८ वर्षांनी ती ३७.४० होते आणि ३९ वर्षांनी थेट ४१.१४. म्हणजे या दोन वर्षांच्या मध्ये आकडे पुन्हा एकदा जुळले आणि पट कायमची पुढे निघून गेली. नेमके क्षण काढले तर ते येतात १.१११८ आणि ३८.२३.

दर पन्नास टक्के असेल तर चित्र बदलतं. पट होते १.५, २.२५, ३.३८, ५.०६. इथे वर्षं पटीला कधी गाठतच नाहीत. दहा टक्क्यांना दोन उत्तरं, पन्नास टक्क्यांना एकही नाही. मग या दोहोंच्या मध्ये कुठला तरी दर असा असणार, की जिथे उत्तरं असणं संपतं आणि नसणं सुरू होतं. तो दर अजमासाने नव्हे, नेमका सांगता येतो.

गणिताच्या भाषेत आपलं समीकरण आहे aˣ = x. इथे a हा पाया: दहा टक्क्यांसाठी १.१, पन्नाससाठी १.५. घातांक x पूर्णांकच असावा अशी अट नाही, तो कुठलीही वास्तव संख्या असू शकतो. पाया मात्र धन हवा, कारण ऋण पायाला २.५ किंवा १.११ असे घात दिले, तर वास्तव संख्यांमध्ये त्याचा काही अर्थ लागत नाही. आणि धन पायाचा कुठलाही घात धनच येत असल्यामुळे x सुद्धा धनच असला पाहिजे. शून्याच्या डावीकडे शोधायची गरज उरत नाही.

हे समीकरण बीजगणिताच्या नेहमीच्या खटपटींनी सुटत नाही. x एका बाजूला घातांकात बसलाय, दुसऱ्या बाजूला साधा उभा आहे. लॉग घेतला तर घातांकातला x खाली येतो, पण लगेच दुसरा x लॉगमध्ये जाऊन बसतो. म्हणून उकल काढण्याआधी उकली आहेत किती, एवढंच विचारणं शहाणपणाचं. त्याला आलेख आणि अवकलज, म्हणजे विद्यार्थी ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते, पुरेसे आहेत.

एकाच आलेखकागदावर y = x ही पंचेचाळीस अंशांची रेषा आणि y = aˣ हा वक्र काढा. दोघं जिथे छेदतात, तिथला x म्हणजे उकल. पाया १ पेक्षा मोठा असेल तर वक्र (०, १) या बिंदूतून निघतो, तेव्हा रेषा अजून खाली शून्यावर असते. सुरुवातीला वक्राचा चढ रेषेपेक्षा कमी असला, तर रेषा त्याच्या जवळ येत जाते. पण वक्राचा चढ सतत वाढत असतो. एकदा का तो १ च्या वर गेला, की वक्र रेषेपासून वर वर सरकू लागतो. त्या आधी रेषेने त्याला गाठलं असेल तर दोन छेद, नसेल तर एकही नाही.

हेच नीट सिद्ध करायचं तर दोघांतलं अंतर मोजणारं एक फल घेऊ: f(x) = aˣ − x. याचा अवकलज f′(x) = aˣ·ln a − 1. इथे ln म्हणजे e या पायाचा, नैसर्गिक लॉग. पाया १ पेक्षा मोठा असेल तर ln a धन असतो आणि aˣ वाढत जातो, म्हणून f′ सुद्धा सतत वाढतो. सतत वाढणारी गोष्ट शून्यातून फार तर एकदाच जाऊ शकते. म्हणजे अंतर आधी कमी होत जातं, एका ठिकाणी तळ गाठतं आणि मग वाढतच राहतं. फलाला तळ एकच असल्यामुळे शून्याची पातळी ते जास्तीत जास्त दोनदा ओलांडेल. तीन उकली कधीच असणार नाहीत, हे इथेच पक्कं झालं. उरलेला प्रश्न एवढाच, की तळ शून्याच्या खाली आहे की वर.

पन्नास टक्क्यांचं उदाहरण पूर्ण करू. ln १.५ = ०.४०५५. तळाच्या ठिकाणी f′ शून्य, म्हणजे १.५ चा x वा घात = १ ÷ ०.४०५५ = २.४६६. तो घात कुठल्या x ला मिळतो? ln २.४६६ ला ०.४०५५ ने भागलं की x = २.२२६. त्या क्षणी पट २.४६६ आणि वर्षं २.२२६, म्हणजे फरक ०.२४. सगळ्यात जवळ येऊनही वर्षं पाव पटीने मागे राहिली. म्हणून उकल नाही. टेबलात चार-पाच आकडे पाहून ‘गाठत नसावीत’ असं म्हणणं वेगळं आणि हा तळ काढून दाखवणं वेगळं. टेबल फक्त तपासलेल्या जागांबद्दल बोलतं. तळ मात्र सगळ्या जागांबद्दल बोलतो.

आता पाया हळूहळू खाली आणला तर तळही खाली येईल, आणि एका पायाला तो शून्याला बरोबर टेकेल. तेव्हा वक्र रेषेला छेदणार नाही, नुसता स्पर्श करेल. ती रेषा त्याची स्पर्शिका होईल. स्पर्शाच्या बिंदूवर दोन गोष्टी एकदम खऱ्या असतात. उंची सारखी, म्हणजे aˣ = x. आणि चढ सारखा, म्हणजे aˣ·ln a = 1. दुसऱ्या समीकरणात aˣ च्या जागी x ठेवला की x·ln a = 1 मिळतं. पहिल्या समीकरणाचा लॉग घेतला की ln x = x·ln a. ही उजवी बाजू तर आत्ताच १ निघाली. म्हणून ln x = 1, म्हणजे x = e = २.७१८२८… आणि पाया a = e^(1/e) = १.४४४६६७८…

या ओळी मला फार सुंदर वाटतात. e चा प्रश्नात कुठेही उल्लेख नव्हता. आपण फक्त दोन आकडे कधी जुळतात एवढंच विचारलं होतं. पण ज्या उंबरठ्यावर उत्तरं नाहीशी होतात, तो पाया e पासूनच बनतो आणि तिथली एकमेव उकलही e च असते. व्याजाच्या भाषेत सांगायचं तर दर सुमारे ४४.४७ टक्के असेल, तर २.७१८ वर्षांनी रुपया आणि वर्षं क्षणभर बरोबरीला येतात. दर याहून जास्त असेल तर पट सदैव पुढे.

उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ४५ टक्क्यांना दोन वर्षांनी पट २.१०, तीन वर्षांनी ३.०५, चार वर्षांनी ४.४२. कुठेच मागे नाही. तळ काढला तर तो x = २.६६ च्या आसपास येतो आणि तिथे पट फक्त ०.०२७ ने पुढे असते. अगदी निसटती आघाडी, पण आघाडीच. ४४ टक्क्यांना दोन वर्षांनी पट २.०७, तीन वर्षांनी २.९८६, चार वर्षांनी ४.३०. तिसऱ्या वर्षाला पट हलकीशी मागे पडली. म्हणजे दोन उकली, तीनच्या दोन्ही बाजूंना एकेक.

आता दर ४४.४ टक्के घ्या. पाया १.४४४. एक वर्षाने पट १.४४४, दोन वर्षांनी २.०९, तीन वर्षांनी ३.०११, चार वर्षांनी ४.३५. प्रत्येक वर्षाअखेरीस पट पुढेच आहे. जो कोणी वर्षावर्षाचं टेबल करून थांबेल, तो ‘उकल नाही’ असं लिहील, आणि ते चूक असेल. १.४४४ हा पाया उंबरठ्याच्या, म्हणजे १.४४४६६७ च्या, खाली आहे. तळ x = २.७२५ ला आहे. तिथे पट २.७२२, म्हणजे वर्षांपेक्षा ०.००३ ने कमी. दोन उकली आहेत, २.५९ आणि २.८६. दोन्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्ये लपलेल्या. टेबलाच्या दोन ओळींमध्ये वक्र रेषेखाली उतरून पुन्हा वर आला आणि टेबलाला पत्ताच लागला नाही. आलेख मोबाइलवर काढला तरी इथे मदत होत नाही. हजारांश-दोन हजारांशाचा हा फरक पडद्यावर एकच जाड रेघ होऊन दिसतो. अशा वेळी भरवसा ठेवायचा तो तळाच्या किमतीच्या चिन्हावर.

उलट प्रकारची फसगत लहान पायांना होते. पाया १.१ घेऊन शून्य ते दहापर्यंत आलेख काढला, तर एकच छेद दिसतो. दुसरा ३८ च्या पुढे आहे. पाया १.०१ घेतला तर पहिली उकल १.०१ च्या किंचित पुढे असते आणि दुसरी ६५१ च्या जवळ. शाळेच्या आलेखवहीत ती मावणारच नाही. पण ती आहे, कारण कितीही कमी दराची का होईना, चक्रवाढ शेवटी सरळ रेषेला मागे टाकतेच.

प्रत्येक पायाला नवा आलेख काढण्यापेक्षा चांगली युक्ती म्हणजे समीकरणाचीच मांडणी बदलणं. aˣ = x चा लॉग घेऊन x ने भागलं की ln a = (ln x) ÷ x. डावीकडे फक्त पाया, उजवीकडे फक्त x. आता उजव्या बाजूचा एकच वक्र काढून ठेवायचा आणि ज्या पायाबद्दल प्रश्न असेल, त्याच्या ln a इतक्या उंचीवर एक आडवी रेषा ओढायची. ती वक्राला जितक्या ठिकाणी छेदेल तितक्या उकली.

या वक्राचा अवकलज (1 − ln x) ÷ x² आहे. x जोवर e पेक्षा लहान, तोवर तो धन, नंतर ऋण. म्हणजे वक्र e पर्यंत चढतो आणि मग उतरतो. शिखराची उंची 1/e, सुमारे ०.३६७९. डावीकडे x = 1 ला तो शून्यावर असतो आणि त्याच्याही डावीकडे खोल खाली कोसळतो. उजवीकडे मात्र तो उतरत राहूनही शून्याला कधीच टेकत नाही. x दहा असताना उंची ०.२३०, शंभर असताना ०.०४६, हजार असताना ०.००७. १.०१ ची दुसरी उकल ६५१ पर्यंत का लांबते, ते या लांबच लांब उतारावरून लगेच कळतं. ln १.०१ ही उंची ०.००९९५ इतकी ठेंगणी आहे, आणि वक्राला तितकं खाली यायला तेवढं लांब जावं लागतं.

माझ्या मते वर्गात हा वक्र आधी दाखवावा. शिखराच्या वर ओढलेली रेषा काहीच छेदत नाही. शिखराला टेकलेली एकदा स्पर्श करते. शून्य आणि शिखर यांच्या मधली दोनदा छेदते, एकदा चढावर, एकदा उतारावर. त्यातली लहान उकल १ आणि e यांच्यामध्ये सापडते, मोठी e च्या पलीकडे. बरोबर शून्यावरची रेषा म्हणजे पाया १, आणि तिथे उकल फक्त x = 1. शून्याखालची प्रत्येक रेषा, म्हणजे १ पेक्षा लहान प्रत्येक धन पाया, डावीकडच्या कड्याला एकदाच छेदते. पाया अर्धा असेल तर ती उकल ०.६४१२.

याच वक्रावर २ आणि ४ एकाच उंचीला आहेत, दोन्हीकडे ०.३४६६. म्हणून दोनचं वर्गमूळ, १.४१४२…, हा पाया घेतला तर उकली नेमक्या २ आणि ४ येतात. वर्गमूळ दोनचा वर्ग २, आणि चौथा घात ४. तोंडी तपासता येतं. दोन उकली एकाच उंचीवर असतात याचा आणखी एक अर्थ निघतो. त्यांना x आणि y म्हटलं तर x चा y वा घात आणि y चा x वा घात सारखे असतात. २ चा चौथा घात १६ आणि ४ चा वर्गही १६. १७२८ साली डॅनियल बर्नुली यांनी क्रिस्टियान गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न आहे, आणि वेगवेगळ्या धन पूर्णांकांत २ आणि ४ ही एकच जोडी आहे. वक्र पाहिला तर कारण दिसतं. लहान उकल १ आणि e यांच्या मध्येच असायला हवी आणि तिथे २ शिवाय दुसरा पूर्णांक नाही.

उकली मोजून झाल्या की त्या प्रत्यक्ष काढायचा सोपा मार्ग कॅल्क्युलेटरवर बरेच जण वापरतात. कुठल्या तरी x पासून सुरुवात करायची, aˣ काढायचा, आलेलं उत्तर पुन्हा घातांकात घालायचं, आकडा स्थिर होईपर्यंत. वर्गमूळ दोनसाठी १ पासून निघालं तर १.४१, १.६३, १.७६, १.८४ असं करत करत २ जवळ येतं. पण ४ कधीच येत नाही. ३.९ पासून निघा, आकडा घसरत २ कडे येतो. ४.१ पासून निघा, तो वर उधळतो. ज्याने उकली आधी मोजल्या नाहीत, तो २ वर समाधान मानून मोकळा होईल.

याचं कारण छेदबिंदूवरच्या चढात आहे. aˣ चा चढ aˣ·ln a. उकलीच्या जागी aˣ म्हणजेच x, म्हणून चढ x·ln a, आणि ते तर ln x. म्हणजे उकलीचा नैसर्गिक लॉग हाच तिथला चढ. २ ला तो ०.६९, म्हणून प्रत्येक फेरीत चूक साधारण त्या प्रमाणात घटते. ४ ला तो १.३९, म्हणून चूक वाढत जाते. e च्या पलीकडची कुठलीच उकल या रीतीने हाती लागणार नाही. ती हवी असेल तर उलट दिशेने चालायचं. x च्या जागी (ln x) ÷ (ln a) घालत राहायचं. ३८.२३ असाच मिळतो.

लहान पायांना हीच रीत आणखी वेगळी अडते. पाया १/१६ घ्या आणि ०.५ पासून सुरुवात करा. १/१६ चा अर्धा घात म्हणजे वर्गमूळ, १/४. त्याचा पाव घात म्हणजे चौथं मूळ, १/२. कॅल्क्युलेटर ०.२५, ०.५, ०.२५, ०.५ असं अखंड दाखवत राहतो. पाहणाऱ्याला वाटेल की उकली दोन आहेत, किंवा एकही नाही. दोन्ही चूक. वक्र उतरता, रेषा चढती, त्यामुळे छेद एकच. ०.२५ आणि ०.५ यांपैकी एकही समीकरणात बसत नाही. खरी उकल काढायला प्रत्येक वेळी जुना आकडा आणि नवा आकडा यांची सरासरी घ्या. ०.५ आणि ०.२५ ची सरासरी ०.३७५. त्या घातांकाला उत्तर येतं ०.३५३६, सरासरी ०.३६४३. आणखी एक फेरी केली की ०.३६४२५ वर आकडा ठरतो. त्याचा लॉग −१.०१. ऋण आणि १ पेक्षा किंचित मोठा, म्हणून साधी रीत तिथे टिकत नव्हती.

ही रीत कुठल्या पायांना एका आकड्यावर स्थिरावते, ते अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर यांनी शोधलं. पाया e चा −e वा घात, म्हणजे सुमारे ०.०६६, इथपासून १.४४४६६७… पर्यंत असेल तर १ पासून निघालेली रीत स्थिरावते, बाहेर नाही. १/१६ म्हणजे ०.०६२५, या सीमेच्या जरासा खाली. वरच्या सीमेपलीकडे रीत कोलमडते, कारण तिथे उकलच नाही. खालच्या सीमेखाली मात्र ती कोलमडली, तरी उकल एक असतेच.